आकडा जुळतो, तरी दूध वाया जाते: शीतगृहाच्या साठावहीतून नुकसानीचे कारण कसे शोधावे

दुग्धशाळेच्या शीतगृहात साठा सांभाळण्याचे काम मी करतो. संध्याकाळी पॅकिंग विभागातून आलेले पिशव्यांचे क्रेट मोजून आत घेणे, पहाटे गाड्या भरताना ते मोजून बाहेर देणे आणि या दोन्हींची नोंद साठावहीत करणे, एवढे त्या कामाचे स्वरूप आहे. मध्यंतरी आमच्याकडे दर तीन-चार दिवसांनी वीस-पंचवीस क्रेट दूध मुदत संपलेले सापडू लागले. एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या 24 पिशव्या, म्हणजे 12 लिटर दूध असते. ज्या सकाळी 24 क्रेट निघत, त्या सकाळी 576 पिशव्या एकेक करून कापाव्या लागत. पहाटेची गडबड उरकल्यावर, ज्या दुधात काल-परवापर्यंत काहीही दोष नव्हता ते स्वतःच्या हाताने ओतून द्यायचे, हे माझ्या मनाला फार लागत असे.

कारणे सांगणारे पुष्कळ होते. कोणी शीतयंत्राला दोष दिला, म्हणून यंत्र तपासून कॉइलवरचा बर्फ काढण्यात आला. कोणी दार फार वेळ उघडे राहते असे म्हटले, म्हणून दाराचा प्लास्टिकचा पडदा बदलला. माल हलवणाऱ्यांवर संशय घेणारेही काही जण होते. नुकसान मात्र तसेच चालू राहिले. शेवटी ते थांबले ते साठावहीच्या मागच्या तीस दिवसांच्या पानांमुळे. ती पाने मी कशी वाचली आणि त्यांतून काय निष्पन्न झाले, हे येथे क्रमाने मांडतो. पद्धत साधी आहे. वही, पेन्सिल आणि रोजचे अर्ध्या तासाचे काम एवढ्यावर ती चालते, मात्र क्रम सोडून चालत नाही.

पहिली पायरी: नुकसानीची फोड करणे

आमच्या वहीत नुकसानीचा एकच रकाना होता. गळकी पिशवी असो, नासलेले दूध असो वा मुदत संपलेला माल असो, सगळ्यांची बेरीज त्याच रकान्यात पडत असे. या तिन्हींची कारणे वेगळी असल्यामुळे एकत्रित आकड्यावरून काहीच बोध होत नाही. पिशवी गळते ती पॅकिंग यंत्राच्या सीलमधील दोषामुळे किंवा क्रेट आदळल्यामुळे. मुदतीच्या आत दूध नासते ते तापमानामुळे किंवा पाश्चरीकरणानंतर दुधात जीवाणू शिरल्यामुळे. मुदत संपते तेव्हा दूध बहुधा चांगलेच असते, फक्त ते वेळेवर बाहेर पडलेले नसते.

चौथा एक प्रकार असतो, तो म्हणजे मोजणीत कमी भरणारा माल. तो वेगळा पाहावा लागतो, कारण चोरी किंवा चुकीची मोजणी तेथेच दिसते. त्यासाठी रोजचा ताळा हा असा घालतात:

आरंभीची शिल्लक + आवक − जावक − नुकसान = अखेरची शिल्लक

वहीप्रमाणे आलेली अखेरची शिल्लक आणि प्रत्यक्ष मोजलेले क्रेट सारखे असले पाहिजेत. ही मोजणी माल हलत नसताना करणे फार महत्त्वाचे आहे. आमच्याकडे पॅकिंग रात्री दहाला संपते आणि गाड्या भरणे पहाटे तीनला सुरू होते, म्हणून मी रात्री अकराची वेळ ठरवली. गाडी भरली जात असताना केलेल्या मोजणीवर विसंबून कोणावर संशय घेणे अन्यायाचे आहे.

मागील तीस दिवसांच्या नोंदी, त्यांना जोडलेल्या चिठ्ठ्या आणि पर्यवेक्षकांचे शेरे वाचून मी फोड केली. एकूण नुकसान 268 क्रेटचे होते. त्यांपैकी गळतीचे 21, मुदतीपूर्वी नासलेले 31 आणि मुदत संपलेले 216. मोजणीतील तूट एकाही दिवशी नव्हती. म्हणजे चोरीचा संशय पहिल्याच दिवशी निकालात निघाला आणि दहापैकी आठ भाग नुकसान मुदत संपण्याचे आहे हेही स्पष्ट झाले. यंत्र दुरुस्तीने काहीच फरक का पडला नाही, याचे उत्तर या फोडीतच होते. खोली कितीही थंड केली तरी पिशवीवर छापलेली तारीख पुढे सरकत नाही.

दुसरी पायरी: साठा बॅचप्रमाणे मांडणे

आमची वही दुधाच्या प्रकारानुसार होती. आज अमुक दूध किती आले, किती गेले आणि किती उरले हे त्यात होते, पण उरलेल्यात कोणत्या दिवशी पॅक केलेले किती हे नव्हते. मुदतीचा प्रश्न सोडवायचा असेल तर प्रत्येक दिवसाचे पॅकिंग ही स्वतंत्र बॅच धरून तिचे खाते उघडावे लागते. पॅकिंग किती झाले, कोणत्या पहाटे किती बाहेर गेले आणि ते खाते शून्यावर कधी आले, एवढे तीन तपशील पुरतात.

आमच्या दुधाला पॅकिंगचा दिवस धरून चार दिवसांची मुदत असते. 8 तारखेच्या संध्याकाळी पॅक झालेले दूध 11 तारखेपर्यंत चालते आणि 12 तारखेच्या पहाटे ते गाडीत चढवता येत नाही. तुमच्याकडील दुधाची मुदत वेगळी असेल, तर पुढील गणितातील दिवस त्याप्रमाणे बदलून घ्यावेत.

खाती मांडताना एका गोष्टीने मला अडवले. ओतून दिलेल्या मालाच्या चिठ्ठीवर फक्त ‘मुदत संपली, 24 क्रेट’ असे लिहिलेले असे, पिशवीवरची तारीख कोणीच लिहीत नसे. मुदत संपली म्हणजे तारीख आपोआप कळली, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. मीही तसेच धरले होते. त्या दिवसापासून मी ओतण्यापूर्वी प्रत्येक क्रेटमधील एक पिशवी उजेडात धरून तिची छापील तारीख चिठ्ठीवर उतरवू लागलो. ओल्या पिशवीवरची शाई पुसट दिसते, म्हणून पिशवी फडक्याने कोरडी करून वाचावी. घाईत 8 चा 9 वाचला गेला तर सगळी खातीच चुकतात.

तिसरी पायरी: दोन विभागांचे आकडे शेजारी ठेवणे

साठावही एकटी वाचून जे कळत नाही, ते ती दुसऱ्या विभागाच्या कागदाशेजारी ठेवली की कळते. पॅकिंग विभाग रोज रात्री किती क्रेट पॅक केले याची चिठ्ठी काढतो. तेवढेच क्रेट शीतगृहाच्या आवकेत दिसायला हवेत, कारण पॅकिंग विभागातून माल दुसरीकडे कुठे जातच नाही. मी तीस दिवसांच्या चिठ्ठ्या मागून घेतल्या आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले: पॅकिंगचा आकडा, शीतगृहाची आवक आणि दोन्हींतील फरक.

वीस दिवस फरक शून्य होता. उरलेल्या दहा दिवशी शीतगृहाची आवक पॅकिंगपेक्षा जास्त होती. एखाद्या दिवशी 18 क्रेट, एखाद्या दिवशी 31, आणि दहाही दिवसांची बेरीज 241. जे दूध पॅकच झाले नाही ते शीतगृहात आले कोठून, हा प्रश्न तेथे प्रथमच कागदावर उभा राहिला.

मग मी मुदत संपल्याच्या नोंदींचे दिवस त्याच कागदावर लाल पेन्सिलीने खुणावले. फरक आला त्या दहा दिवसांपैकी नऊ दिवसांनंतर बरोबर तिसऱ्या दिवशी लाल खूण होती. दहावा अपवाद शोधला तेव्हा दिसले की दुसऱ्या दिवशी मागणी इतकी वाढली होती की खोली जवळजवळ रिकामी झाली होती, म्हणून तिसऱ्या दिवसापर्यंत काही उरलेच नव्हते. असा अपवाद सोडून देऊ नये. तो का झाला हे कळले की मूळ कारणाकडे जाणारा रस्ता अधिक सरळ दिसतो. येथे त्याने एवढे सांगितले की नुकसान होते ते खोलीत खोलवर काहीतरी मागे पडून राहिल्यामुळे.

फरक आलेल्या दिवसांच्या गेटवरील नोंदी पाहिल्यावर कोडे उलगडले. पहाटे गेलेल्या गाड्यांपैकी एखादी गाडी काही क्रेट न उतरवता संध्याकाळी चारच्या सुमारास परत येत असे. ते क्रेट शीतगृहात घेताना वहीत ‘परत’ असा रकानाच नसल्यामुळे ते त्या दिवसाच्या आवकेत मिळवले जात. मीदेखील तेच करत आलो होतो. आदल्या दिवशी पॅक झालेल्या दुधाला अशा रीतीने वहीत आजची तारीख मिळत होती, आणि क्रेटची संख्या अचूक असल्यामुळे रोजचा ताळा निर्विघ्नपणे जुळत होता. वहीतला आकडा खरा होता, दुधाचे वय तेवढे खोटे होते.

एक प्रकरण आरंभापासून अखेरपर्यंत

8 तारखेच्या संध्याकाळी 405 क्रेट पॅक झाले आणि 9 तारखेच्या पहाटे ते सर्व बाहेर गेले. म्हणजे 8 तारखेच्या बॅचचे खाते 9 तारखेच्या सकाळी शून्यावर आले. त्याच दिवशी दुपारी चारनंतर एका गाडीतून 26 क्रेट परत आले. रात्री पॅकिंगची चिठ्ठी 412 क्रेटची होती, तर वहीतील आवक 438 होती. फरक बरोबर 26.

वहीच्या दृष्टीने हे सर्व 438 क्रेट 9 तारखेचे, म्हणजे 12 तारखेपर्यंत चालणारे होते. त्यामुळे 12 तारखेच्या पहाटे उरलेला माल निर्धास्तपणे बाहेर काढण्यात आला आणि गाडीत चढवताना एका माणसाची नजर पिशवीवर गेली. त्या दिवशी 24 क्रेट बाजूला काढून ओतावे लागले. चिठ्ठीवर मी छापील तारीख उतरवली ती 8 होती. ज्या बॅचचे खाते तीन दिवसांपूर्वी शून्यावर आले होते, तिचे 24 क्रेट खोलीत सापडले होते. उरलेले दोन क्रेट मधल्या दोन दिवसांत नव्या मालाबरोबर बाहेर गेले असावेत. मुदतीच्या आत गेले असल्याने ते वाया गेले नाहीत, एवढेच.

शून्य झालेल्या बॅचचा माल खोलीत सापडणे हा या दोषाचा सर्वांत पक्का पुरावा आहे. तुमच्याकडे असे एकदा जरी घडले, तरी परत आलेला माल नव्या तारखेने चढवला जातो आहे किंवा जावक लिहिताना बॅच चुकते आहे, या दोनपैकी एक गोष्ट नक्की घडते आहे.

चौथी पायरी: खोलीत जाऊन पाहणे

कागदाने कारण दाखवले तरी परत आलेलाच माल नेमका मागे का राहतो, हे कागदावर दिसत नव्हते. म्हणून एका पहाटे गाड्या भरणे सुरू होण्यापूर्वी मी विजेरी घेऊन आत गेलो. आमच्या खोलीला एकच दार आहे. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत बारा रांगा आहेत आणि प्रत्येक रांगेत एकामागे एक दहा थप्प्या, प्रत्येक थप्पी सहा क्रेटची. मी अंग चोरून रांगेच्या कडेने भिंतीपर्यंत गेलो आणि शेवटच्या थप्पीतील पिशव्यांवरच्या तारखा वाचल्या. पुढच्या आठ थप्प्यांवर कालची तारीख होती, मागच्या दोन थप्प्यांवर परवाची.

क्रम असा होता. गाड्या दुपारी परत येत तेव्हा रांगा बहुतांशी रिकाम्या असत, म्हणून परतीचे क्रेट सरळ मागच्या भिंतीशी सरकवले जात. संध्याकाळचे ताजे पॅकिंग त्यांच्यापुढे लागे. पहाटे माल पुढून उचलला जाई आणि त्याच संध्याकाळी रिकाम्या झालेल्या पुढच्या जागेत पुन्हा ताजा माल येई. मागच्या थप्प्यांची पाळी कधी येतच नसे. ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ ही पाटी दारावर होती, पण एका दाराच्या खोलीत पुढून भरून पुढूनच काढले तर शेवटी आलेला माल आधी जातो. वही आणि जागा यांच्यातील दोन चुका एकत्र आल्याने नुकसान घडत होते. नुसती वही सुधारली असती तर जुना माल कळला असता, पण निघाला नसता.

त्याच फेरीत मी तापमानही पाहिले. भिंतीवरचा मापक हवेचे तापमान 4 अंश सेल्सियस दाखवत होता, पण हवेचे तापमान म्हणजे दुधाचे तापमान नव्हे. दुधाचे पाहायचे तर दोन पिशव्या एकमेकींवर ठेवून त्यांच्यामध्ये तापमापीची कांडी दाबून धरावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. पिशवी फोडावी लागत नाही. परतीच्या थप्पीतील मधल्या क्रेटमध्ये मला 7 अंश मिळाले. गाडीतून उतरवताना ते दूध 13 अंशांवर होते, हे मी आदल्या संध्याकाळी याच रीतीने टिपून ठेवले होते. अकरा तास शीतगृहात राहूनही ते पुरेसे गार झाले नव्हते, कारण भिंतीशी दाटीने रचलेल्या थप्पीच्या मध्यात थंड हवा फारशी फिरत नाही. शीतगृह हे दूध थंड ठेवण्यासाठी असते, गरम झालेले दूध झटपट गार करणे त्याच्या आवाक्यात नसते. पाश्चरीकरणात दूध 72 अंशांवर निदान 15 सेकंद तापवले जाते, त्यात रोगजंतू मरतात, पण सगळेच जीवाणू मरत नाहीत. दूध जितका वेळ कोमट राहते तितके हे उरलेले जीवाणू झपाट्याने वाढतात आणि पुढे गार केल्याने झालेली वाढ उलटत नाही. मुदतीपूर्वी नासणाऱ्या क्रेटपैकी काही येथूनच येत असावेत, अशी शंका मला तेव्हा आली आणि पुढे छापील तारखांच्या नोंदीने ती खरी ठरली.

पाचवी पायरी: नोंद आणि जागा दोन्ही बदलणे

पर्यवेक्षकांपुढे मी तो तीन रकान्यांचा कागद ठेवला. त्यांनी लाल खुणांवरून बोट फिरवले आणि विचारले, “म्हणजे परत आलेला माल आपण नवा म्हणून लिहितो?”

“हो साहेब. मीच लिहितो. वहीत दुसरा रकाना नाही.”

त्याच दिवशी वही बदलली. बदल चार होते आणि त्यांचे कारण प्रत्येकाला समजावून सांगावे लागले.

परतीच्या मालासाठी वेगळा रकाना आला. त्यात किती क्रेट, कोणत्या गाडीतून, पिशवीवरची तारीख आणि उतरवतानाचे तापमान लिहिले जाते. तारीख कॅलेंडर पाहून लिहायची नाही, पिशवीवर वाचून लिहायची, हा नियम सर्वांत कडक ठेवला. परतीचा माल म्हणजे गाडीतून न उतरलेला माल, एवढाच अर्थ येथे घ्यावा. विक्रेत्याच्या ताब्यात जाऊन आलेले दूध कोणत्या तापमानात राहिले हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ते विक्रीच्या साठ्यात कधीही मिसळू नये. गाडीतून आलेल्या मालाचेही काय करायचे हे साठा सांभाळणाऱ्याने ठरवायचे नसते. आमच्याकडे 8 अंशांवरील परतीचा माल गुणवत्ता विभागाच्या निर्णयापर्यंत लाल पट्टी बांधून वेगळा ठेवला जातो.

दुसरा बदल जागेचा. दाराजवळची पहिली रांग फक्त परतीच्या मालासाठी राखली. गाड्या भरताना तीच प्रथम समोर येते, त्यामुळे मंजूर झालेला माल दुसऱ्या पहाटेच निघून जातो.

तिसरा बदल ताज्या मालाच्या भरणीचा. एखादी रांग पूर्ण रिकामी झाल्याशिवाय तिच्यात नवा माल लावायचा नाही. अर्धी रिकामी रांग मोहात पाडते, पण पुढची जागा भरली की मागचा माल अडकलाच. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक पाटी अडकवली आणि तिच्यावर आतील मालाची मुदत खडूने लिहू लागलो. माल काढताना सर्वांत आधी मुदत संपणारी रांग घ्यायची. आधी आलेला आणि आधी मुदत संपणारा माल एकच असतो असे आपण धरून चालतो, पण परतीच्या बाबतीत तो एक नसतो. म्हणून क्रम लावायचा तो छापील तारखेवर.

चौथा बदल लहान, पण त्याविना बाकीचे टिकले नसते. पहाटेच्या भरणीच्या चिठ्ठीवर क्रेटच्या संख्येसमोर पिशवीवरील तारीख लिहिणे. भरणीच्या मुकादमांनी आरंभी नाराजी दाखवली.

“पहाटे तीनला तारखा वाचत बसलो तर गाड्या कधी सुटायच्या?”

“काका, रांगेच्या पाटीवर तारीख लिहिलेली आहे, तीच उतरवा. मी दर रांगेची एक पिशवी रात्रीच वाचून ठेवतो.”

दोन पहाटे त्यांच्यासोबत उभा राहिलो आणि पाटीवरची तारीख पिशवीशी ताडून दाखवली. त्यानंतर त्यांच्याकडून एकही चिठ्ठी तारखेविना आली नाही.

रोजचे तपासणे

हे सर्व सुरू झाल्यावर रात्री अकराच्या मोजणीबरोबर मी तीन गोष्टी पाहतो. पॅकिंगचा आकडा आणि ताज्या मालाची आवक सारखी आहे का. शून्य झालेल्या बॅचचा एकही क्रेट खोलीत नाही ना. आणि भिंतीकडील शेवटच्या थप्पीवरची तारीख पाटीवरच्या तारखेशी जुळते का. तिसऱ्या तपासणीसाठी आत भिंतीपर्यंत चालत जावे लागते आणि म्हणूनच ती सर्वांत आधी टाळली जाते. दारात उभे राहून दिसणारा माल नेहमी ताजाच असतो.

आमच्या पद्धतीला एक मर्यादा आहे, ती स्पष्ट सांगायला हवी. मुदतीच्या आत नासलेल्या दुधाचे कारण साठावही पूर्णपणे सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत प्रत्येक बॅचच्या काही पिशव्या मुदत संपेपर्यंत थंड जपून ठेवलेल्या असतात, त्यांच्याशी तुलना करावी. खोलीतील दूध नासले आणि जपलेली पिशवी चांगली राहिली, तर दोष साठवणीत किंवा वाहतुकीत आहे. दोन्ही नासले तर पाश्चरीकरणानंतर, बहुधा नळ्यांत किंवा पॅकिंग यंत्रात, थंडीतही वाढणारे जीवाणू दुधात शिरले आहेत आणि तो तपास संयंत्राच्या स्वच्छतेकडे न्यावा लागतो. आमच्याकडे एका बॅचचे 7 क्रेट असे निघाले. त्या वेळी शीतगृहाचे तापमान आणखी उतरवण्याची सूचना पुढे आली होती, पण जपलेली पिशवीही आंबलेली दाखवल्यावर पॅकिंग यंत्राच्या धुलाईची तपासणी झाली.

बदलानंतरच्या पहिल्या तीस दिवसांत मुदत संपलेले दूध 216 क्रेटवरून 19 वर आले आणि मुदतीपूर्वी नासलेले 31 वरून 11 वर, ज्यात वरचे 7 धरलेले आहेत. मुदत संपलेल्या 19 पैकी 14 एकाच दिवसाचे होते. त्यांची खाती काढली तेव्हा दिसले की चार दिवस आधीच्या संध्याकाळी खोली पूर्ण भरली होती, एकही रांग रिकामी नव्हती, आणि ताजा माल अर्ध्या भरलेल्या रांगेपुढे लावण्याखेरीज पर्याय उरला नव्हता. त्या रांगेची पाटी पुढच्या मालाच्या तारखेने लिहिली गेली आणि मागच्या थप्प्या विस्मरणात गेल्या.

आता अशी वेळ आली तर त्या रांगेला दोन पाट्या लावतो, एक पुढच्या मालाची आणि तिच्याखाली मागच्या मालाची, आणि वहीत त्या रांगेपुढे ‘दोन तारखा’ असा शेरा लिहितो. दुसऱ्या पहाटे सर्वांत आधी तीच रांग पूर्ण बाहेर काढली जाते, मागच्या थप्प्या गाडीत चढतात आणि पुढच्या थप्प्या रिकाम्या झालेल्या दुसऱ्या रांगेत हलवल्या जातात. या हलवाहलवीला दोन माणसांचा साधारण पाऊण तास लागतो, म्हणून ज्या दिवशी खोली भरण्याची शक्यता दिसते त्या दिवशी दुपारीच मुकादमांना सांगून ठेवतो.